घरातली डागांची पेटी: काय ठेवायचं आणि का (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डागांसाठी वेगळी पेटी कशाला? कपडे धुवायची पावडर असतेच की घरात.

असते, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. आमटी सांडली की आपण धावत बाथरूममध्ये जातो, धुण्याचा साबण डागावर खसाखसा घासतो, आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो. मग घाबरून गरम पाणी, मग आणखी साबण. पहिल्या दहा मिनिटांत चुकीची वस्तू हाताला लागते, कारण बरोबर वस्तू कपाटाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते आठवत नाही. पेटीचा उपयोग एवढाच, की त्या दहा मिनिटांत शोधाशोध होऊ नये.

माझ्या सासऱ्यांचं लाँड्रीचं छोटं दुकान होतं. ते म्हणायचे, "डाग गिऱ्हाईक पाडतं, पण पक्का करतं तेही गिऱ्हाईकच." आमच्या घरातली पेटी म्हणजे त्यांच्या दुकानातल्या फळीची लहान आवृत्ती आहे. प्लास्टिकचा एक जुना डबा, झाकणाला आतून चिकटवलेला कागद आणि आत नऊ वस्तू.

नक्की काय काय ठेवायचं?

आमच्या डब्यात हे आहे: जुन्या पांढऱ्या सुती पंचाचे तळहाताएवढे दहा-बारा तुकडे, बोथट स्टीलचा चमचा, मऊ दातांचा जुना टूथब्रश, भांडी घासायच्या लिक्विडची लहान बाटली, पांढरं व्हिनेगर, बिनरंगी सर्जिकल स्पिरिट, औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड, कॉर्नफ्लोअरची पुडी आणि लिंबूसत्त्व. यातल्या बहुतेक गोष्टी घरात असतातच. स्पिरिट आणि पेरॉक्साइड तेवढं मुद्दाम आणावं लागतं.

तुकडे पांढरेच हवेत. रंगीत फडक्याचा रंग ओल्या कपड्याला लागू शकतो. शिवाय डाग फडक्यावर उतरतोय की नाही, हे पांढऱ्यावरच दिसतं. टिश्यू पेपर ठेवू नका. तो ओला होऊन कपड्यात कुसकरतो, आणि मग डागापेक्षा कागदाचे कण काढण्यातच वेळ जातो.

भांड्यांचंच लिक्विड का? साबण तो साबण.

भांड्यांचं लिक्विड तेल सोडवण्यासाठीच बनवलेलं असतं आणि ते बहुधा फारसं खारट, म्हणजे सोड्या-चुन्याच्या स्वभावाचं नसतं. कपड्यांच्या वडीत आणि पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तो मळाला चांगला, पण हळदीला वाईट. भांड्यांचा बार हीसुद्धा वेगळी वस्तू आहे. त्यात सोडा असतो आणि घासण्यासाठी खरखरीत पूडही असते. ती कपड्याच्या धाग्यावर ओढली तर डागाच्या जागी पांढुरकं, विटलेलं वर्तुळ राहतं. म्हणून पेटीत लिक्विडच ठेवा. जमलं तर रंग नसलेलं किंवा अगदी फिकट.

हळदीचा डाग साबणाने लाल का होतो? आणि तो मग पक्का झाला असं समजायचं का?

नाही, पक्का झाला असं नाही. मुका मार लागला की आजी हळद-चुन्याचा लेप लावायची, तो कसा लाल व्हायचा ते आठवा. हळदीतला पिवळा रंग चुना, सोडा, साबण अशा खारट वस्तूंशी गाठ पडली की लालसर तपकिरी होतो, आणि आंबट लागलं की परत पिवळा होतो. साबणाने लाल झालेल्या डागावर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर टाका, लाली उतरते. डाग जात नाही, फक्त मूळ रंगावर येतो. पण मन थाऱ्यावर यायला तेवढं पुरतं.

याचा एक फायदाही आहे. हळद गेली असं वाटत असेल आणि खात्री नसेल, तर त्या जागी साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. लालसर छटा आली तर हळद आत शिल्लक आहे. मग व्हिनेगरच्या पाण्याने ती छटा घालवून पुढचा उपाय सुरू करा.

मग हळदीवर नेमकं करायचं काय? एक उदाहरण सांगा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण आपल्याकडचा निम्मा डाग हळदीचा आणि उरलेला फोडणीच्या तेलाचा. दोन्ही एकत्र पडतात आणि त्यामुळेच काढायचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

मागच्या महिन्यातलीच गोष्ट. रविवारी जेवताना भाच्याच्या फिक्या मोतिया सुती कुर्त्यावर, छातीपाशी, आमटीचा पळीभर ओघळ आला. चांगला रुपयाएवढा ठिपका आणि खाली दोन बोटं लांब रेघ. तो लगेच उठून नळाखाली धरायला निघाला, त्याला थांबवलं.

आधी चमच्याच्या कडेने डाळ बाहेरून आत अशी उचलली. आतून बाहेर ओढली की डाग पसरतो. मग कोरडं फडकं वरून दाबलं, घासलं नाही, आणि जागा बदलत चार वेळा दाबलं. फडक्यावर पिवळा ठसा येणं थांबलं, तेव्हा कुर्ता अंगातून काढला.

दुसरी पायरी तेलाची. डागावर लिक्विडचे चार-पाच थेंब आणि नावापुरतं पाणी, बोटाने हलकेच चोळलं आणि दहा मिनिटं तसंच ठेवलं. मग कपडा उलटा करून, म्हणजे डागाच्या मागच्या बाजूने, गार पाण्याची धार सोडली. समोरून धार सोडली तर डाग धाग्याच्या आत ढकलला जातो, मागून सोडली तर आल्या वाटेने बाहेर पडतो. तेल गेलं, तरी केशरटलेला पिवळा ठसा राहिला. तेल आधी काढलं नाही, तर पुढचं काहीच धाग्यापर्यंत पोहोचत नाही.

तिसरी पायरी स्पिरिटची. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळतो. डागाखाली कोरड्या फडक्याची चौपदरी घडी ठेवली आणि वरून स्पिरिटने ओलं केलेलं फडकं टिपत राहिले. खालच्या फडक्यावर पिवळं उतरू लागलं. दर वेळी खालची जागा बदलली, नाहीतर उतरलेला रंग परत वर चढतो. सहा-सात वेळा हे केल्यावर ठसा फिका पडला.

चौथी पायरी पेरॉक्साइडची. ते अर्धं पातळ करून डागावर शिंपडलं, वीस मिनिटं ठेवलं आणि खळखळून धुतलं. त्यानंतर कुर्ता ओलाच, डागाची बाजू वर करून, गच्चीत उन्हात टाकला. हळदीचा रंग उजेडात विटतो, हा तिचा सगळ्यात मोठा दुबळेपणा. त्या दिवशी दुपारचे तीन तास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून तेवढेच तास. दुसऱ्या संध्याकाळी साबणाच्या थेंबाची परीक्षा केली, लाली आली नाही. तेव्हाच तो इस्त्रीला गेला.

डाग शिल्लक असताना इस्त्री करायची नाही. उष्णतेने उरलेलं तेल धाग्यात मुरून पिवळं पडतं, आणि मग हळद जाऊनही त्याची सावली राहते.

पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं?

ढगाळ उजेडातही हळद विटते, फक्त सावकाश. खिडकीच्या आत, जिथे दिवसभर उजेड येतो, तिथे ओला कपडा तीन-चार दिवस ठेवा आणि रोज ओला करत राहा. कुबट वास येऊ नये म्हणून रात्री पंख्याखाली वाळवा.

औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड तसंच वापरायचं का?

नाही, बाटली नीट वाचा. आपल्याकडे केमिस्टकडे मिळणाऱ्या बाटलीवर बहुधा २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. याचा अर्थ साधारण ६ टक्के. कपड्यासाठी ३ टक्के पुरतं, म्हणून त्यात बरोबरीचं पाणी घालायचं. १० व्हॉल्यूमची बाटली असेल तर ती आधीच ३ टक्के असते, पाणी घालू नका. लागेल तेवढंच, दोन चमचे दोन चमचे, वाटीत मिसळा. मिसळलेलं साठवू नका.

पेरॉक्साइड रंग घालवतं, मग तो डागाचा असो की कपड्याचा. म्हणून पांढऱ्या आणि फिक्या सुती कपड्यावर बिनधास्त, पण गडद रंगावर आधी आतल्या शिवणीच्या मुडपीवर एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा, मग पांढरं फडकं दाबून बघा. फडक्यावर रंग उतरला किंवा मुडप फिकी पडली, तर नाद सोडा. रेशमावर आणि लोकरीवर मी ते घरी वापरतच नाही.

बाटली गडद रंगाचीच असू द्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. उजेडाने त्याचं हळूहळू पाणी होतं. जुनी बाटली कामाची आहे की नाही, ते कळायला कच्च्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाका. फसफसलं तर अजून दम आहे. गप्प बसलं तर ओतून द्या. हे हातमोजे घालून करा, कारण ६ टक्केवाल्यानेही त्वचेवर पांढरे चट्टे येतात. ते थोड्या वेळात जातात, पण चुणचुणतात.

व्हिनेगर कुठे वापरायचं?

चहा, कॉफी, घामाचा पिवळट डाग आणि साबणाने लाल झालेली हळद. दुकानातलं साधं बिनरंगी व्हिनेगर घ्या आणि एकाला दोन भाग पाणी घाला. सफरचंदाचं घेऊ नका, ते स्वतःच तांबूस असतं.

चहाच्या डागाची गंमत अशी, की लोक पहिल्यांदा खायचा सोडा शिंपडतात. चहाचा रंग खारटात आणखी गडद होतो. सोडा टाकलेला चहा पेल्यात बघा, कसा काळपट होतो. दुधाचा चहा असेल तर आधी गार पाणी, मग लिक्विड, कारण त्यात दुधाचं तूपही असतं, आणि शेवटी व्हिनेगरचं पाणी. तरी तपकिरी कड राहिली तर पांढऱ्या कपड्यावर पेरॉक्साइड.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र केलं तर जास्त जोर येतो ना?

फेस येतो, जोर येत नाही. एक आंबट, एक खारट, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळजवळ मिठाचं पाणी. फेसाने डाग निघाल्यासारखा वाटतो, एवढंच.

त्यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा बाथरूमचं ॲसिड यांची गाठ पांढऱ्या कपड्यांच्या क्लोरीन ब्लीचशी कधीच पडू देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो खरोखर दवाखाना दाखवतो. म्हणूनच आमच्या पेटीत क्लोरीन ब्लीच नाहीच. रेशीम आणि लोकर ते खाऊन टाकतं, आणि लोखंडाचा गंज उलट पक्का करतं. पेरॉक्साइडही व्हिनेगरमध्ये मिसळून बाटलीत भरू नका. एक वापरा, धुऊन टाका, मग दुसरं.

रक्ताचा डाग?

गार पाणी आणि फक्त गार पाणी. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात आणि धाग्याला धरून बसतात. ताज्या डागाला गार पाण्यात अर्धा तास भिजवून बोटाने चोळलं की बहुतेक जातो. वाळलेला असेल तर लिक्विड, आणि पांढऱ्या कपड्यावर पातळ पेरॉक्साइड. ते रक्तावर लगेच फसफसतं. ती कामाची खूण आहे, घाबरू नका. एन्झाइमवाली पावडर घरात असेल तर तिच्या गार पाण्यात रात्रभर ठेवा. मात्र रेशीम-लोकरीला ती चालत नाही. एन्झाइम प्रथिनं खातात, आणि रेशीम व लोकर हीसुद्धा प्रथिनंच.

बॉलपेनची शाई निघते का?

साध्या बॉलपेनची बहुधा निघते. डाग फडक्यावर पालथा ठेवा आणि मागून स्पिरिट टिपा, शाई खालच्या फडक्यात उतरते. मधोमध स्पिरिट ओतलं की शाईचं मोठं निळं वर्तुळ होतं. हे टाळायला आधी डागाच्या भोवती स्पिरिटचं ओलं कडं करा आणि मग आत या. जेल पेन आणि पक्क्या मार्करच्या बाबतीत आशा कमी. त्यांच्यातल्या काही शाया विरघळतच नाहीत. शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातला डाग असेल तर करून बघा, नव्या कुर्त्यावर दहा मिनिटांत फरक पडला नाही तर थांबा.

स्पिरिट गॅसजवळ काढू नका. देवघरात निरांजन पेटलेलं असेल तर तेही लक्षात ठेवा. खिडकी उघडी हवी. कपड्यावर छापलेली चित्रं आणि रंगवलेलं काम स्पिरिटने सुटू शकतं.

कॉर्नफ्लोअर कशासाठी?

ज्या कपड्याला पाणी लावायचं नाही, त्याच्यासाठी. पैठणीवर तुपाचा थेंब, जरीच्या काठावर फोडणीचा शिंतोडा. फडक्याने दाबून जास्तीचं तेल टिपा, वर कॉर्नफ्लोअरचा जाड थर टाका आणि तासभर विसरून जा. ते तेल ओढून घेतं. मऊ ब्रशने झटका आणि पुन्हा ताजं टाका. दोन-तीन वेळा केलं की तेलाचा पुष्कळ भाग निघतो. टाल्कम पावडरही चालते. पण सुगंधी नको, आणि रंगीत तर नकोच.

इथे थांबायचं. पैठणीवर पेरॉक्साइड, व्हिनेगर, लिंबू काहीही करू नका. जरीचे काठ काळवंडतात आणि रेशमाचा रंग पाण्याच्या वर्तुळासकट उठतो. ओल्या रेशमावर घासलं की धागा वर येतो आणि तिथे पांढुरकं दिसतं. ते डाग काढूनही जात नाही.

लिंबूसत्त्व कशाला? लिंबू आहे की.

गंजासाठी. तो कपड्याला लागतो वाळत घालायच्या तारेचा, बोअरच्या पाण्याचा, किंवा नळाच्या जुन्या लोखंडी पाइपचा. चहाचा चमचाभर लिंबूसत्त्व अर्ध्या कप कोमट पाण्यात विरघळवून डागावर लावा आणि अर्धा तास ठेवा. गंज विरघळून पिवळसर पाणी येतं, ते भरपूर पाण्याने धुऊन टाका. लिंबाचा रस आणि मीठही चालतं, फक्त सत्त्व वर्षभर डब्यात टिकतं. गंजाच्या डागावर पेरॉक्साइड मात्र टाकू नका. लोखंडाच्या संगतीत ते इतकं भडकतं की त्या जागी कापडच खंगतं आणि काही धुण्यांनी भोक पडतं. धातूच्या बटणाजवळही तेच लक्षात ठेवा.

असा कुठला डाग आहे की पेटीने काहीच होत नाही?

केळीचा चीक. कोकणातल्या कुणालाही विचारा. केळफूल सोलताना साडीवर उडालेला चीक सुरुवातीला दिसतही नाही. हवेत तो हळूहळू काळपट तपकिरी होतो आणि मग कितीही केलं तरी धुण्यागणिक फक्त फिका पडतो. केळफुलाला हात लावताना हाताला तेल लावतात तसंच अंगावर जुना कपडा घ्यायचा, एवढाच उपाय. गडद कपड्यावर उडालेलं ब्लीचही तसंच. तो डाग नसतोच, तिथला रंग गेलेला असतो.

मुलं असलेल्या घरात ही पेटी कुठे ठेवायची?

वरच्या कपाटात, स्वयंपाकघराबाहेर. स्पिरिट आणि पेरॉक्साइड मूळ बाटलीतच राहू द्या. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं काहीही घरात पाण्यासारखं प्यायलं जाऊ शकतं. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. झाकणाच्या कागदावर आम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत: "घासू नको, दाब. पाणी गारच." पैठणी आणि स्वेटर या दोन नावांवर फुली मारली आहे.

ड्रायक्लीनकडे द्यायचं झालं तर काय सांगायचं?

तीन गोष्टी, चिठ्ठीवर लिहून कपड्याला टाचणीने लावा: काय सांडलं, केव्हा सांडलं आणि तुम्ही त्यावर काय काय लावलं. तिसरी गोष्ट लोक लपवतात. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला सासरे विचारायचे, "लिंबू लावलंत का?" बाई म्हणायच्या, "छे, काहीच नाही." आणि कापडाला लिंबाचा वास यायचा.